ढगातला खोटा कल

पावसाळ्यात मुंबईहून सुटलेलं विमान ढगात असतं. खिडकीबाहेर पांढऱ्या पडद्याशिवाय काही नाही. समोरच्या ट्रेवर चहाचा कप आहे. अशा वेळी विमान वळण घेतं, एक पंख वीस-पंचवीस अंश खाली जातो, आणि तरीही कपातला चहा काठाशी समांतरच राहतो. सांडत नाही, एका बाजूला जमत नाही. फक्त कपाकडे पाहून सांगायचं ठरवलं, तर प्रवासी शपथेवर सांगेल की विमान सरळ चाललं आहे.

वैमानिकाचं शरीरही तेच सांगतं. कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाला पंख कुठे आहेत हे शरीरावरून कळतं असा आपला समज असतो. उघड्या आकाशात तो खरा वाटतो, कारण तिथे डोळ्यांना क्षितिज दिसत असतं. ढगात क्षितिज गेलं की उरतात ते कान आणि पाठीला-मांड्यांना जाणवणारा दाब. हे दोन्ही साक्षीदार विमानाच्या बाबतीत खोटं बोलतात. ते अधूनमधून चुकतात असं नाही. एका ठरावीक पद्धतीनं, प्रत्येक निरोगी माणसाच्या शरीरात, ते तसेच चुकतात. वैमानिक यालाच डिसओरिएंटेशन म्हणतात, आणि त्याचा सर्वांत सामान्य प्रकार म्हणजे 'लीन्स'.

आधी कपाचं कोडं सोडवू. नीट घेतलेल्या वळणात गुरुत्वाकर्षण आणि वळणामुळे बाहेर ढकलणारा जोर यांची बेरीज होते, आणि ती बेरीज बरोबर विमानाच्या जमिनीच्या दिशेनं, म्हणजे खुर्चीतून सरळ खाली, लागते. म्हणून चहाला, पाठीला आणि कानातल्या यंत्रणेला 'खाली' म्हणजे विमानाचा तळच वाटतो. एवढाच फरक पडतो की वजन थोडं वाढतं. तीस अंशांच्या कलात साठ किलोचा माणूस एकोणसत्तर किलोच्या आसपास भरेल. इतकी वाढ कामात गुंतलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

आता कान. अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, तीन वेगवेगळ्या दिशांना बसवलेल्या, आत द्रव भरलेल्या. नलिकेच्या एका फुगीर भागात जेलीसारखा मऊ पडदा असतो आणि त्यात बारीक केस रुतलेले असतात. डोकं फिरायला लागलं की द्रव जागेवरच रेंगाळतो, त्यामुळे पडदा वाकतो, केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते: फिरायला सुरुवात झाली. पण फिरणं एकाच गतीनं चालू राहिलं तर दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच गतीनं फिरू लागतो. पडदा सरळ होतो. मेंदूला खबर जाते: फिरणं थांबलं. आणि जेव्हा फिरणं खरोखर थांबतं तेव्हा द्रव आपल्या ओघात पुढे जात राहतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि मेंदू समजतो की आता आपण उलटे फिरतो आहोत.

हे घरी करून पाहता येतं. चाकाच्या नव्हे, पण गोल फिरणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीत एखाद्याला डोळे मिटून बसवा, डोकं ताठ ठेवायला सांगा आणि आवाज न करता एकाच गतीनं वीस-पंचवीस सेकंद फिरवा. ज्या दिशेला फिरतोय असं वाटतं त्या दिशेला अंगठा दाखवायला सांगा. काही वेळानं अंगठा डगमगतो, मग सरळ वर होतो, कारण त्याच्या मते खुर्ची थांबलेली असते. खुर्ची हळूच थांबवली की अंगठा आत्मविश्वासानं उलट दिशेला वळतो. बघणाऱ्यांना हसू येतं, बसणाऱ्याला मात्र आपण बरोबरच आहोत याची खात्री असते. (चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांवर हा प्रयोग करू नये, आणि खुर्चीजवळ कोणीतरी उभं राहावं.)

या यंत्रणेची आणखी एक मर्यादा ढगात महत्त्वाची ठरते. फिरणं फारच सावकाश असेल, साधारण सेकंदाला दोन अंशांहून कमी, तर पडदा जाणवण्याइतका वाकतच नाही. मेंदूला काही कळवलंच जात नाही. चालण्या-धावण्यासाठी घडलेल्या शरीराला एवढ्या सावकाश बदलाची कधी गरजच पडली नसावी. विमान मात्र अशाच सावकाश चालीनं कलतं.

आता लीन्स नेमके कसे येतात ते सेकंदांच्या हिशेबात पाहू. छोट्या विमानाचा वैमानिक ढगात सरळ चालला आहे. त्याला रेडिओची नवी फ्रिक्वेन्सी लावायची आहे, म्हणून तो पंधरा सेकंद खाली बघतो. तेवढ्यात डावा पंख सेकंदाला एक अंश या गतीनं खाली जातो. पंधरा सेकंदांत पंधरा अंश. कानाला काहीच समजलेलं नाही. तो मान वर करतो तर कृत्रिम क्षितिजावर पंधरा अंशांचा डावा कल. 'अरे!' म्हणत तो झटकन दुरुस्त करतो, दोन सेकंदांत पंख समतल. आता हा बदल सेकंदाला सात-आठ अंशांचा आहे आणि कानाला तो स्पष्ट जाणवतो.

मेंदूच्या वहीत काय नोंद झाली? डावीकडचं कलणं नोंदलंच गेलं नव्हतं. नोंद झाली ती फक्त उजवीकडच्या हालचालीची. मेंदूचा हिशेब सरळ आहे: आपण समतल होतो, आता पंधरा अंश उजवीकडे कललो. विमान प्रत्यक्षात समतल आहे, यंत्र तसंच दाखवतं आहे, आणि शरीर ओरडून सांगतं आहे की उजवा पंख खाली गेला. हे मत म्हणून वाटत नाही, ते सरळ जाणवतं, जसं आपल्याला आत्ता आपण खुर्चीत ताठ बसलो आहोत हे जाणवतं. वैमानिकाचं धड नकळत डावीकडे झुकतं, कारण त्याला ताठ बसायचं असतं. या झुकण्यावरूनच या भ्रमाचं नाव पडलं. शेजारून पाहिलं तर खांदा आणि मान तिरकी झालेली दिसते. विमान सरळ आणि माणूस वाकडा.

इथे त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. यंत्राचं ऐकलं तर अस्वस्थ वाटत राहतं, काही सेकंद किंवा काही मिनिटंही, पण विमान सुरक्षित. शरीराचं ऐकलं तर तो चाक डावीकडे फिरवतो, विमान पुन्हा पंधरा अंश डावीकडे कलतं आणि त्याला हायसं वाटतं. धोका त्या हायसं वाटण्यात आहे.

कारण कललेल्या विमानाचा पुढचा प्रवास ठरलेला असतो. पंखांची उचल तिरकी झाल्यामुळे वजन पेलायला ती पुरत नाही, नाक खाली जातं आणि वेग वाढतो. वैमानिकाला उंची घटताना दिसते. पंख सरळच आहेत अशी त्याची खात्री असल्यामुळे तो नाक वर करायला दांडा मागे ओढतो. पण कललेल्या विमानात दांडा ओढला की नाक वर येण्याऐवजी वळण अधिक आवळतं, पंख अधिक कलतो, उंची अधिक वेगानं जाते. मग तो आणखी ओढतो. इंग्रजीत याला स्मशानाचं नाव दिलेलं आहे, आणि ते अतिशयोक्त नाही. यातून सुटायचा क्रम ठरलेला आहे: आधी इंजिनाची ताकद कमी करायची, मग कृत्रिम क्षितिजाकडे बघत पंख समतल करायचे, आणि त्यानंतरच नाक वर घ्यायचं. तिसरी पायरी आधी केली तर पंखांवर असह्य ताण येतो.

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात वीस विद्यार्थ्यांना छोट्या विमानात बसवून त्यांच्या डोळ्यांपुढचं क्षितिज झाकलं. त्यांना यंत्रांवर विमान उडवायचं शिक्षण नव्हतं. विसांपैकी एकोणीस जण वर सांगितलेल्या फेऱ्यात सापडले आणि एकानं नाक इतकं वर नेलं की विमानाची उचलच संपली. प्रशिक्षक शेजारी होता म्हणून सगळे वाचले. नियंत्रण सुटेपर्यंतचा सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. जगभर वैमानिकांना हा आकडा तोंडपाठ असतो. मला त्या अभ्यासाचा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो: त्याच प्रकारच्या विद्यार्थ्यांना काही तासांचं मोजकं शिक्षण दिल्यावर जवळजवळ सगळ्यांना ढगातून उलटं वळून सुखरूप बाहेर पडता आलं. शिकवताना त्यांच्या कानात काही सुधारणा झाली नव्हती. कान तसेच होते. त्यांनी कानांचं ऐकणं थांबवलं होतं.

हे वैमानिकांना मान्य व्हायला मात्र वेळ लागला. पहिल्या महायुद्धानंतरच्या वैमानिकांचा विश्वास होता की चांगला वैमानिक विमान बैठकीवरून ओळखतो, आणि यंत्राकडे बघणं म्हणजे कमीपणा. १९२६ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ अमेरिकी लष्कराच्या विल्यम ऑकर या अनुभवी वैमानिकाची डेव्हिड मायर्स या लष्करी डॉक्टरांनी तपासणी केली. डोळे झाकून फिरत्या खुर्चीत बसवलं आणि कुठल्या दिशेला फिरतोस ते विचारलं. ऑकरही तुमच्या-आमच्यासारखाच चुकला. खुर्ची थांबली असताना त्याला ती उलट फिरते असं वाटलं. त्याला हे सहन झालं नाही. तो परत गेला आणि एक खोका घेऊन आला. त्या खोक्यात त्यानं जायरोवर चालणारं वळणदर्शक यंत्र बसवलं होतं आणि आत उजेडासाठी दिवा. डोळे खोक्याला लावून तो पुन्हा खुर्चीत बसला. बाहेरचं काही दिसत नव्हतं, फक्त काटा दिसत होता. या वेळी त्याचं प्रत्येक उत्तर बरोबर आलं. पुढे ढगातल्या उड्डाणाचं शिक्षण रचण्यात त्यानं आयुष्य घातलं. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यानं झाकलेल्या कॉकपिटमधून, फक्त यंत्रांवर, विमान उडवून पुन्हा उतरवलं, तेव्हा वाद बऱ्यापैकी मिटला.

पण 'यंत्रावर विश्वास ठेवा' हे वाक्य इथेच संपवलं तर ते अर्धवट राहतं. त्याचा दुसरा अर्धा भाग मुंबईच्या समुद्रात शिकायला मिळाला, आणि त्याची किंमत २१३ माणसं होती.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं बोईंग ७४७, 'एम्परर अशोका', सांताक्रूझहून दुबईला निघालं. कंपनीचं हे पहिलं जंबो. रात्रीचे पावणेनऊ वाजायला आले होते. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. विमान पश्चिमेकडे तोंड करून उडालं, किनारा ओलांडला आणि त्याखाली काळा समुद्र आला. मागे शहराचे दिवे होते, पुढे एकही नाही. ढग नसले तरी वैमानिकाच्या दृष्टीनं ही ढगासारखीच स्थिती: समोर क्षितिज नाही. किनारा ओलांडताना कॅप्टननं ठरल्याप्रमाणे उजवीकडे हलकं वळण घेतलं, मग पंख समतल केले.

याच क्षणी कॅप्टनच्या समोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं होतं. विमान समतल झालं, पण त्याच्या यंत्रावर उजवा कल तसाच राहिला. म्हणून त्यानं डावीकडे चाक फिरवलं. यंत्रावर फरक पडेना, म्हणून आणखी डावीकडे. समतल विमान आता खरोखर डावीकडे कलत होतं. बाहेर बघून काही कळत नव्हतं, आणि शरीरावर विसंबता येत नाही हे तर आपण पाहिलंच. कॉकपिटमधल्या आवाजाच्या नोंदीत कॅप्टन आपल्या यंत्राला काहीतरी झालं आहे असं म्हणतो. सहवैमानिक आपलंही तसंच झालं आहे असं उत्तर देतो. त्याचं यंत्र बहुधा बरोबर दाखवत होतं. मात्र त्यावर दिसणारा डावा कल इतका टोकाचा होता की तोही बिघाडच वाटावा. मधल्या जागेवरून फ्लाइट इंजिनियर शेवटच्या काही सेकंदांत सांगतो की त्या यंत्रावर जाऊ नका. त्याला कळलं होतं, पण वेळ उरला नव्हता. धावपट्टी सोडल्यापासून दोन मिनिटांच्या आतच विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. कोणीही वाचलं नाही.

सुरुवातीला घातपाताचा संशय आला. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत स्फोटाची खूण सापडली नाही. चौकशीचा निष्कर्ष असा होता: कॅप्टनचं कृत्रिम क्षितिज बिघडलं होतं, त्यामुळे विमानाच्या स्थितीची त्याला जाणीव राहिली नाही आणि त्यानं अयोग्य नियंत्रणं दिली. बाकीच्या यंत्रांच्या आधारे विमान सावरणं त्यांना जमलं नाही.

शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जंबोच्या कॉकपिटमध्ये कृत्रिम क्षितिजं तीन होती: कॅप्टनसमोर एक, सहवैमानिकासमोर एक आणि मध्ये राखीव एक. तिघांपैकी दोघांचं एकमत असतं तर वेगळं दाखवणारं कुठलं हे कळलं असतं. शिवाय दिशादर्शक होता. पंख खरोखर उजवीकडे कललेले असते तर त्याचे अंश उजवीकडे सरकत राहायला हवे होते. विमान डावीकडे कलल्यावर ते डावीकडे सरकणारच. वळणदर्शकही दिशेचीच साक्ष देतो. उंचीमापक आणि वेगमापक तर जायरोवर चालतच नाहीत, ते हवेच्या दाबावर चालतात, म्हणून एका जायरोच्या बिघाडानं ते बिघडत नाहीत. उंची घटते आहे, वेग वाढतो आहे आणि दिशा डावीकडे पळते आहे, हे तिन्ही एकत्र दिसलं की विमान डावीकडे कलून खाली चाललं आहे याशिवाय दुसरा अर्थ निघत नाही. पण हे सगळं लावून बघायला त्या रात्री काही मोजकेच सेकंद होते, आणि अठरा हजारांच्या आसपास तास उडवलेला कॅप्टन होता. अनुभव कमी पडला असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आयुष्यभर ज्या काट्यानं खरं सांगितलं, तोच चुकतो आहे हे मानायला मन तयार होत नाही.

म्हणून आज शिकवणाऱ्याचा भर 'काट्यावर विश्वास ठेवा' यापेक्षा 'काट्यांची आपापसात गाठ घाला' यावर असतो. डोळे कृत्रिम क्षितिजावर स्थिर करायचे नाहीत. क्षितिज, मग दिशा, परत क्षितिज, मग उंची, परत क्षितिज, मग वेग, असा फेरा सतत चालू ठेवायचा. क्षितिज म्हणतं समतल, तर दिशा स्थिर राहायला हवी. क्षितिज म्हणतं नाक वर, तर उंची वाढायला आणि वेग घटायला हवा. एकही गोष्ट जुळली नाही की त्या क्षणी तिसरी आणि चौथी बघायची. शिकाऊ वैमानिकाच्या डोळ्यांवर फक्त कॉकपिट दिसेल असा चष्मा चढवतात, आणि प्रशिक्षक मध्येच कृत्रिम क्षितिजावर रबरी झाकण ठेवतो. मग उरलेल्या यंत्रांवर सरळ उडायचं, वळायचं, चढायचं, उतरायचं. पहिल्यांदा बहुतेकांचं विमान भरकटतं. डोळे झाकणाच्या जागी पुन्हा पुन्हा जातात, कारण सवय मोडत नाही. खरोखर बिघाड झाला तर त्या यंत्रावर झाकण ठेवायचं हेही शिकवलेलं असतं: चुकीचं चित्र दिसतच राहिलं तर ते चूक आहे हे माहीत असूनही मेंदू त्याच्यावर वळतो.

आणि लीन्स आले असताना काय? ते येऊ नयेत असा उपाय नाही. डोक्याची हालचाल कमी ठेवायची, कारण ढगात मान खाली घालून पुन्हा उचलणं कानातला द्रव आणखी ढवळतं. रेडिओ किंवा नकाशाकडे बघायचं तर थोडंसं, मान न वाकवता, नजर खाली नेऊन. कल दुरुस्त करताना झटका द्यायचा नाही. पंख यंत्रांवर समतल करून तिथेच धरून ठेवायचे आणि शरीराला कितीही वाकडं वाटलं तरी हात हलवायचा नाही. दोघांच्या कॉकपिटमध्ये ज्याला लीन्स आले त्यानं ते मोठ्यानं सांगायचं आणि विमान शेजाऱ्याकडे द्यायचं. मात्र शेजाऱ्याच्या कानांनीही तीच हालचाल सोसलेली असते आणि त्यालाही तेच वाटत असू शकतं, म्हणून विमान हातात घेताना तो आधी तिन्ही कृत्रिम क्षितिजं एकमेकांशी ताडून बघतो.